दीपमाळेवरची काजळी

आमच्या पेठेत चिमणाबाईंना नावानं हाक मारणारं आता कोणी उरलेलं नाही. सगळ्यांच्या त्या चिमणाकाकू. नदीकडं उतरणाऱ्या गल्लीत महादेवाचं लहानसं देऊळ आहे, त्याच्या आवाराला लागून त्यांचं एका खोलीचं घर. सकाळी उठून कापूस मोकळा करायचा, मांडीवर वाती वळायच्या, दुपारी त्या महाद्वार रोडवरच्या पूजेच्या दुकानांत नेऊन द्यायच्या. पोटापुरतं त्यात भागतं. पण काकूंना कुणी विचारलं की तुम्ही काय करता, तर त्या वातींचं नाव घेत नाहीत. म्हणतात, "मी दीपमाळ लावते."

देवळाच्या दारासमोर ती दीपमाळ आहे. खाली रुंद चौथरा, वर निमुळती होत गेलेली, आणि अंगभर दगडाचे हात बाहेर आलेले. प्रत्येक हाताच्या तळाशी कमळ कोरलेलं. कोल्हापुरात बघाल तिकडं काळा दगड, ही मात्र वाळूच्या दगडाची. कुणा सरदारानं आजऱ्याकडच्या डोंगरातून तो बैलगाड्यांवर घालून आणला असं म्हणतात. खरं-खोटं महादेवाला ठाऊक. आम्हाला लहानपणापासून ती काळीच दिसायची, त्यामुळं ती वेगळ्या दगडाची आहे हे कुणाच्या मनात येत नव्हतं.

त्रिपुरी पौर्णिमेला त्या सगळ्या हातांवर दिवे लागतात. त्यातला पहिला हात, म्हणजे देवाच्या दाराकडं तोंड करून असलेला, लावायचा मान काकूंच्या सासरचा. नवरा गेला त्या वर्षी चारचौघांत कुजबुज झाली की विधवेनं पहिला दिवा कसा लावायचा. मी तेव्हा आईचा पदर धरून तिथं उभी होते. काकू पेटती वात हातात घेऊन पुढं आल्या आणि गुरवाला म्हणाल्या, "दिव्याला काय कळतंय, माजा नवरा हाय का न्हाय?" गुरव बाजूला झाला. त्या दिवसापासून तो मान कुणी काढून घ्यायचा विषय केला नाही. श्रावणी सोमवारी, अमावास्येला, गावात कुणाचं मूल आजारी असलं तरी, काकू पहिल्या हातावर दिवा ठेवत राहिल्या.

दिवा लावून झाला की बोटाला लागलेलं तेल दीपमाळेच्या चौथऱ्याला पुसायचं, ही आमच्याकडची रीत. काळ्या दगडाच्या मूर्तीला तेल चोळलं की ती कशी तुकतुकीत होते, तसं. मीही पुसलं आहे. पेठेतल्या सगळ्यांनी पुसलं आहे. चौथरा त्यामुळं चिकट, काळा, हात लावला की हाताला काळं लागेल असा झाला होता.

उदयसिंह आमच्या तरुण मंडळाचा अध्यक्ष. गल्लीच्या तोंडाशी त्याचं गाड्या धुण्याचं सेंटर आहे. मनानं चांगला पोरगा, पण त्याला सगळं चकचकीत लागतं. त्याच्या डोक्यात आलं की दीपमाळ एकदा स्वच्छ करून टाकू. सेंटरचं जोराच्या पाण्याचं मशीन आणायचं, फरशीला वापरतात तसलं ॲसिड मारायचं, एका दिवसात काम खल्लास. देवळाच्या पंचांना ते पटलं होतं. एकानं मात्र म्हटलं की जुनी वस्तू आहे, आधी कुणाला तरी विचारू. म्हणून इरमला बोलावणं गेलं.

इरम पलीकडच्या गल्लीतल्या सिकंदरभाईंची मुलगी. वडिलांच्या बांगड्यांच्या दुकानावर बसायच्या वयात ती दगडांच्या मागं लागली. बाहेर जाऊन जुन्या वास्तू जतन करायचं शिकून आली, आणि आता ठिकठिकाणची देवळं, कमानी, मकबरे बघत हिंडत असते. माघाच्या थंडीत ती आली. भिंग लावून दीपमाळ बघितली, कापसाच्या बोळ्यानं एका कोपऱ्यातलं काळं पुसून बघितलं, ठिकठिकाणी पाण्याचा थेंब ठेवून तो आत मुरतो की वर राहतो हे बघितलं. आम्ही बायका कट्ट्यावर बसून तिच्याकडं बघत होतो.

तिनं सांगितलं ते असं. देवाकडच्या बाजूला आहे ती तेलाच्या दिव्यांची काजळी, चिकट, वर्षानुवर्षं बसलेली. पावसाच्या बाजूला आहे ते शेवाळ आणि दगडफूल. दगडफूल म्हटल्यावर आमच्या बायका हसल्या. शालूबाई म्हणाली, मग खरवडून दे की, कांदा-लसूण मसाल्याचे दिवस आलेच हायत. इरमही हसली, पण म्हणाली, खरवडायचंच नाही. ते जिवंत असतंय तोवर त्याचे धागे दगडाच्या कणांत शिरलेले असतात. ओढून काढलं तर ते दगडाचे कण घेऊनच निघतं. जोराच्या पाण्याला आणि ॲसिडला तर तिनं हातच जोडले.

इथवर काकूंनी मान डोलावली. मग इरमनं पंचांना सांगितलं की स्वच्छ केल्यावर पुन्हा दगडावर तेलाचे दिवे ठेवू नयेत. नाहीतर चार-पाच वर्षांत परत हेच.

काकू उठल्या. त्यांचा आवाज तसाही मोठा, त्या दिवशी तर नदीपर्यंत गेला असेल. "म्हणजे माझ्या दिव्यानं देवाची दीपमाळ घाण केली म्हणतीस व्हय गं तू?"

इरम म्हणाली, "घाण नाही म्हटलं मावशी. काजळी म्हटलं."

"त्येच की."

कुणीतरी मागून पुटपुटलं की आता देवळात काय करायचं ते बांगडीवाल्याच्या पोरीकडनं शिकायचं काय. काकूंनी वळून त्याच्याकडं असं बघितलं की तो चप्पल शोधायला लागला. भांडण त्यांचं होतं, त्यात दुसऱ्यानं शिरलेलं त्यांना चालत नाही. पण इरमकडं पाठ फिरवून त्या निघाल्या. घरात जाऊन दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी देवाला गेले तर काकू चौथऱ्यावर चढून पहिल्या हाताशी काहीतरी घासत होत्या. समया घासायची सगळी तयारी घेऊन आल्या होत्या. कापलेली लिंबं, मीठ, राख, नारळाच्या शेंडीची घासणी. म्हणाल्या, काजळी माझ्या दिव्याची ना, मग मीच काढते. उजाडेपर्यंत तो हात आणि त्याच्या तळाचं कमळ निघालं. खरंच सांगते, डोळे दिपले. मधाच्या रंगाचा दगड होता. त्या काळ्या खांबावर तेवढाच एक हात उजळून निघालेला. गल्ली जमा झाली. उदयसिंहानं फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं की बघा, आमच्या काकूंनी लिंबावर काम केलं. मीही काकूंचा हात हातात घेतला. चुकीचं काही घडलं आहे असं मनात आलंसुद्धा नाही.

इरम पुढच्या आठवड्यात आली. ती ओरडली नाही. चौथऱ्यावर चढली, त्या हाताकडं बराच वेळ बघत राहिली, आणि मग काकूंना वर बोलावलं. काकू ताठ मानेनं गेल्या. इरमनं त्यांचं बोट धरून कमळाच्या पाकळीवरून हलकेच फिरवलं. बोट उचललं तर बोटावर वाळू होती. परत फिरवलं, परत वाळू.

मग तिनं समजावलं. पितळ आतपर्यंत पितळच असतं, वरचा थर गेला तरी खाली तेच. हा दगड म्हणजे वाळूचे कण, आणि त्यांना एकमेकांना धरून ठेवणारा चुन्यासारखा पदार्थ. लिंबानं तो चुना विरघळला, मीठ आत मुरलं. आता ते मीठ ओल धरेल, वाळेल, आणि प्रत्येक वेळी आतून कण ढकलत राहील. राखेनं आणि शेंडीनं वरचं घासलं गेलं ते वेगळंच.

शेजारच्या हातावरच्या कमळाला पाकळीची धार होती, काळी पण नीट. पहिल्या हाताच्या कमळाची धार बोथट झाली होती.

काकूंनी विचारलं, "परत येईल का ती धार?"

इरम म्हणाली, "नाही मावशी."

काकू खाली उतरल्या. त्यांनी बोटावरची वाळू झटकली नाही. तशीच मूठ मिटून घरात नेली.

त्यानंतर काही दिवस त्या वाती द्यायलाही बाहेर पडल्या नाहीत. शालूबाई डबा घेऊन गेली तर दारातनंच डबा घेतला. मला वाटलं, आता ह्या देवळाकडं फिरकायच्या नाहीत. आणि पंचांनी काम सोपवल्यावर एके सकाळी इरम आपली दोन माणसं घेऊन चढायला परांची बांधत होती, तर काकू पदर खोचून तिच्यासमोर उभ्या राहिल्या.

"मला कामावर घे."

इरमनं टाळायचा प्रयत्न केला. उंचावर चढायचं असतं, औषधं असतात, वेळ लागतो. काकू म्हणाल्या, वेळ लागू दे. ती म्हणाली, मी सांगेन तेवढंच करायचं, एक घासणी जास्त नाही. काकू म्हणाल्या, बरं. ह्या बाईनं कुणाला 'बरं' म्हटलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

त्या पुढच्या दिवसांत मी येता-जाता बघत गेले. सगळं काम इतकं हळू होतं की बघणाऱ्याला कंटाळा यावा. आधी दगडफुलावर आणि शेवाळावर औषधाचं पातळ पाणी मऊ ब्रशनं लावलं आणि सोडून दिलं. काकू रोज उठून बघायच्या, काहीच होत नसायचं. उन्हं वाढली तशी हिरवं पिवळं पडलं, दगडफूल तपकिरी झालं, कडेनं कुरकुरीत होऊन सुटायला लागलं. मग त्यावर पाण्याचा फवारा मारून ते जरा मऊ करायचं आणि बांबूच्या चपट्या काडीनं अलगद उचलायचं. लोखंड कुठंच नाही. जे सुटेना ते तसंच ठेवायचं, पुन्हा औषध, पुन्हा वाट बघणं. त्या काडीवर काकूंचा हात पहिल्यांदा जड पडायचा. इरम नुसतं "मावशी" म्हणायची, की काकू हात मागं घ्यायच्या.

काजळीचं काम त्याहून अवघड. आधी कोरड्या मऊ ब्रशनं सैल काळं झटकून घ्यायचं. मग दगडावर पातळ जाळीदार कागद लावून त्यावर कागदाचा लगदा थापायचा. लगद्यात अमोनियाचं अगदी पातळ पाणी. वर प्लॅस्टिक. काही वेळानं प्लॅस्टिक काढून लगदा वाळू द्यायचा, म्हणजे तो वाळता वाळता आतलं तेलकट काळं ओढून घेतो. निघाल्यावर ओल्या स्पंजनं टिपायचं. पाणीही बोअरचं चालत नव्हतं, क्षारांचं म्हणून. बॅटरीत घालतात तसलं शुद्ध पाणी कॅनमधून यायचं. आणि वर ओलं करायच्या आधी खालचा दगड भिजवून घ्यायचा, नाहीतर वरचं काळं पाणी ओघळून खाली कोरड्या दगडात मुरतं आणि पट्टे उमटतात.

इरमलाही सगळं आधीपासून ठाऊक होतं असं नाही. मागच्या बाजूच्या लपलेल्या कोपऱ्यात तिनं छोटे छोटे चौकोन आखून वेगवेगळे लगदे लावून बघितले होते. एकानं डाग पडला, एकानं काहीच केलं नाही. मधल्या भागातली काजळी निघेना तेव्हा तिनं काम थांबवलं आणि आपल्या शिक्षकांना फोन लावून बसली. काकूंनी विचारलं, तुला येत नाही काय? ती म्हणाली, अजून नाही. काकूंना ते उत्तर आवडलं. मला सांगताना म्हणाल्या, पोरगी खोटं बोलत न्हाय.

पहिल्या हाताला मात्र इरमनं कसलं औषध शिवू दिलं नाही. त्यावर नुसत्या शुद्ध पाण्याच्या लगद्याचे लेप एकामागून एक घातले, मुरलेलं मीठ बाहेर ओढायला. प्रत्येक लेप काकूच काढायच्या. कधी त्यावर वाळूचे कण असायचे, मग कमी होत गेले.

पावसाळ्यात काम बंद ठेवलं. दीपमाळेवर वारं खेळतं राहील असं छप्पर उभारलं. दसऱ्यानंतर ते काढलं तेव्हा दीपमाळ अर्धी उजळलेली, अर्धी काळी. कुठं मधाचा रंग, कुठं धुरकट, मध्ये पांढुरके ठिपके. देवळात येणारा प्रत्येक जण म्हणायचा, होती तीच बरी होती. पावणे यायचे, विचारायचे, हे काय करून ठेवलंय. त्रिपुरी तोंडावर आली होती.

आणि उदयसिंहाचा धीर सुटला. एका दुपारी इरम बाहेरगावी गेली असताना तो मंडळाची पोरं आणि मशीन घेऊनच आवारात आला. पाईप लावला, मोटर जोडली. आवाज ऐकून मी आणि शालूबाई धावत गेलो. काकू चौथऱ्यावर बसून ब्रश धूत होत्या. त्या उठल्या नाहीत.

"काकू, सरका जरा. तासाभरात मोकळं करून देतो. सगळं जग बघाय येतंय त्रिपुरीला आणि आपली दीपमाळ अशी कोड उठल्यागत."

"मशीन बंद कर आदी. ऐकू येत न्हाय मला."

त्यानं बंद केलं. काकू म्हणाल्या, इकडं ये. तो आला. त्यांनी त्याला वर घेतलं आणि पहिल्या हातापाशी उभं केलं.

"तूच फोटो टाकलातास न्हवं ह्येचा? लिंबावर काम केलं म्हणून?"

"व्हय."

"बोट फिरव."

त्यानं फिरवलं. इतक्या लेपांनंतरही दोन-चार कण बोटाला लागले. मग काकूंनी त्याचा हात धरून शेजारच्या हाताच्या कमळावर ठेवला, लगद्यानं स्वच्छ केलेल्या. ते गुळगुळीत होतं, पाकळीची धार बोटाला कळत होती. उदयसिंह दोन्हीकडं आळीपाळीनं बघत राहिला.

"इथं काय होतं?" त्यानं पहिल्या हातावर बोट ठेवून विचारलं.

"पाकळी होती. मी खाल्ली." काकू म्हणाल्या. "एका लिंबानं ही गत. तुजं पाणी तर मोटारीचा चिखल उडवतंय. आता तुला मारायचंच असंल तर मार, पण आदी मला भिजवाय लागंल. मी इथनं उठत न्हाय."

पोरं हसायला लागली होती, पण उदयसिंह हसला नाही. त्यानं आपल्या बोटाकडं बघितलं, शर्टाला पुसायला हात नेला आणि पुसला नाही. मग खाली उतरून पाईप गुंडाळायला लागला. जाताना म्हणाला, "मग त्रिपुरीला दिवं कुठं लावायचं? त्यावर तर न्हायच म्हणती इरम."

काकू पुन्हा ब्रश धुवायला लागल्या. खरं तर एवढे महिने त्यांना तेवढीच एक गोष्ट पोखरत होती, हे मला माहीत होतं. पहिल्या दिव्यासाठी त्या साऱ्या गल्लीशी भांडल्या होत्या. तो दिवा आता ठेवायला जागाच नव्हती, आणि ती जागा त्यांनी स्वतःच्या हातानं स्वच्छ करून बंद केली होती. त्या संध्याकाळी त्या महादेवापुढं बसल्या. मी शेजारी जाऊन बसले. नंदीवर कुणीतरी बेल वाहून गेलं होतं. उठताना काकू म्हणाल्या, "देव काय दगडावरच्या दिव्याला बसलेला न्हाय." मग पायरी उतरताना म्हणाल्या, "पण मला हौस होती बाई."

दुसऱ्या दिवशी काकू एक तोड काढून त्याच उदयसिंहाच्या सेंटरवर गेल्या. गणपतीच्या मांडवाचे लोखंडी पाईप तिथं मागं पडून असतात. त्यातल्या पाईपांचा उभा सांगाडा करायचा, त्याला चहूबाजूंनी आडव्या पट्ट्या लावायच्या, पट्ट्यांवर पणत्या. उदयसिंहानं वेल्डिंगवाल्याला बोलावून घेतलं. कुठं उभा करायचा हे इरमनं सांगितलं. वारं नदीकडून येतं, म्हणून दीपमाळेच्या पलीकडं, धूर तिच्यावर जाणार नाही इतक्या लांब, आणि जमिनीत न रोवता नुसता ठेवलेला. काकूंनी अट एकच घातली. पहिली पट्टी देवाच्या दाराकडं तोंड करून पाहिजे.

त्रिपुरीला दीपमाळ पूर्ण स्वच्छ झालेली नव्हतीच. वरच्या टोकाला काळं होतं, ते इरमनं मुद्दाम राहू दिलं होतं. म्हणाली, आणखी काढलं तर दगडाची स्वतःची कांती जाईल. एवढ्यावर थांबायचं. काकू पूर्वीच्या असत्या तर ऐकल्या नसत्या. त्या दिवशी त्या नुसत्या वर बघत राहिल्या.

गर्दी दरवर्षीसारखीच. काहीजण नाराज होते, दिवे सांगाड्यावर बघून तोंड वाकडं करत होते. एका म्हाताऱ्यानं काकूंना सरळ म्हटलं, निदान पहिला तरी दगडावर लावा, रीत हाय ती. काकू म्हणाल्या, रीत मी बी केली, बगा जाऊन पहिल्या हाताला काय झालंय ते. म्हातारा खरंच बघायला गेला.

काकूंनी वात पेटवली. पहिली पणती लोखंडाच्या पट्टीवर ठेवली, देवाकडं तोंड करून. मग बाकीच्या बायका पुढं झाल्या. दिवे लागत गेले आणि त्यांचा उजेड पलीकडच्या दीपमाळेवर पडला. मधाच्या रंगाचा दगड त्या उजेडात असा दिसला की म्हाताऱ्यानंही हात जोडले. कमळं दिसत होती. आम्ही इतकी वर्षं त्या दीपमाळेखाली उभ्या राहिलो, पण प्रत्येक हातावर कमळ वेगळं आहे, कुठं उमललेलं, कुठं कळी, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

काकू माझ्याकडं आल्या. बोटं तेलानं माखलेली. चालता चालता हात आपोआप चौथऱ्याकडं गेला, जुन्या सवयीनं. बोटं दगडाला लागणार तोच त्यांनी हात मागं ओढला. क्षणभर तसाच हवेत धरला, मग नव्या लुगड्याच्या पदराला पुसला, चांगला चोळून पुसला. शालूबाई म्हणाली, काकू, नवं लुगडं, डाग जायचा न्हाय.

"न्हाय जाऊ दे," काकू म्हणाल्या आणि पुढची पणती लावायला गेल्या.